सायकस पिवळा पडतोय? खत घालण्याआधी कोणती झावळी पिवळी आहे ते बघा

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही जा, बंगल्याच्या फाटकाशी दोन बाजूंना दोन सायकस दिसतातच. नर्सरीत कोणी त्याला सागो पाम म्हणतं, कोणी नुसतं सायकस. आणि वर्षातून दोनदा, एकदा पाऊस सुरू झाल्यावर आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, माझ्याकडे एकच तक्रार येते: "भाऊ, सायकस पिवळा पडी ऱ्हायना, काय टाकू?" काय टाकायचं हा प्रश्न शेवटचा आहे. आधी झाडासमोर उभं राहून नीट बघायचं, कारण पिवळेपणाची चार-पाच वेगवेगळी कारणं असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

आधी लक्षणं

तुमच्या झाडाचं यातलं कशाशी जुळतं ते ठरवा.

- फक्त सगळ्यात खालच्या, जुन्या कड्यातल्या झावळ्या पिवळ्या होतायत, वरची नवती, म्हणजे एकदम फुटणारा नवा पाला, ठणठणीत हिरवी आहे.
- जुन्या झावळ्यांच्या पात्या टोकाकडून आणि कडेने पिवळ्या, मधल्या दांड्याजवळ मात्र हिरवा पट्टा राहिलाय.
- नवी नवतीच पिवळी आली. पात्या आखूड, वेड्यावाकड्या, चुरगळल्यासारख्या, आणि महिन्याभरात त्यावर तपकिरी डाग पडून टोकं करपली.
- नवती आकाराने सरळ, नेहमीसारखी, पण सगळी एकसारखी फिकट, पोपटी-पिवळी.
- पिवळे ठिपके विखुरलेले आहेत आणि पान उलटं केलं की पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसतं.
- सगळं झाडच मरगळलंय, जुनी-नवी सगळी पानं एकदम पिवळी.

जुनी की नवी, हा भेद सगळ्यात महत्त्वाचा. झाडाला नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडलं तर ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवू शकतं, म्हणून जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोह आणि मँगेनीज मात्र एकदा पानात बसलं की हलत नाही. त्यांची टंचाई असेल तर जुनी पानं हिरवीगार राहतात आणि त्रास दिसतो तो नव्या नवतीवर. एवढं एक लक्षात ठेवलं तर निम्मी औषधं विकत घ्यावीच लागत नाहीत.

बिनपैशाच्या तपासण्या

पहिली तपासणी, हे आजारपण आहे तरी का? नवती फुटताना झाड खालच्या एखाद्या कड्यातला माल वर ओढतं आणि त्या झावळ्या पिवळ्या होऊन वाळतात. ते म्हातारपण आहे. एक कडं गेलं, बाकी झाड हिरवं आहे, तर काही करू नका. अशा झावळ्या अर्ध्या पिवळ्या असताना कापायची घाईही नको. त्यात उरलेलं पालाश आणि मॅग्नेशियम झाड अजून ओढून घेत असतं. तुम्ही कापलीत तर झाड त्याच्या वरचं कडं ओढायला सुरुवात करतं, मग तेही पिवळं पडतं, मग तेही कापता. अशी वरवर कापत नेलेली, डोक्यावर चारच झावळ्या उरलेली झाडं मी खूप पाहिलीत. पूर्ण वाळून तपकिरी झाली की मगच कापा.

कापताना हातमोजे घाला, देठावर काटे असतात. आणि कापलेला पाला गुरांपुढे, शेळ्यांपुढे टाकू नका. सायकसचा प्रत्येक भाग विषारी आहे, बिया सगळ्यात जास्त. घरात कुत्रं असेल तर विशेष जपा. कुत्र्याने बी किंवा मुळाचा तुकडा चघळला तर उलटी होण्याची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्या, कारण यकृतावरचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

दुसरी तपासणी उन्हाची. नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली वाढलेलं झाड तुम्ही एप्रिल-मेमध्ये आणून थेट फाटकाशी लावलंत, तर आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात पानं भाजतात. हे ओळखणं सोपं आहे. आकाशाकडे असलेला भागच पांढुरका-पिवळा होतो, आणि जिथे एका पानाची सावली दुसऱ्यावर पडली होती तिथे हिरवी रेघ तशीच राहते. अन्नद्रव्याची टंचाई अशी सावली बघून येत नाही. भाजलेलं पान परत हिरवं होत नाही, पण पुढची नवती त्या उन्हातच फुटते आणि त्या उन्हाला तयार असते. खत नको, हा एक उन्हाळा जाळी बांधा.

तिसरी, अंगठ्याची. पान उलटं करा आणि अंगठ्याने घासा. पांढरा भुगा निघाला आणि खाली बारीक शिंपल्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती खवले कीड. ती रस शोषते तिथे वरच्या बाजूला पिवळा ठिपका पडतो. जास्त झाली की पूर्ण झावळी पिवळी होते, आणि लोक त्याला "सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता" समजून फवारत बसतात. सगळ्यात माखलेल्या झावळ्या कापून पिशवीत बांधून फेका, बाकी पानांना खालून पाण्याची जोरदार धार मारा, मग कडुनिंबाचं तेल किंवा बागेसाठीचं खनिज तेल लेबलवर सांगितलेल्या प्रमाणात, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने फवारा. दिवसा ३५ अंशांच्या वर तेल फवारलं तर पानंच भाजतील. एका फवारणीत कीड संपत नाही, आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावीच लागते. मेलेले खवलेही पानाला चिकटून राहतात, म्हणून ते दिसले की औषध फसलं असं समजू नका. खवला फोडून बघा: आत ओलसर असेल तर जिवंत, कोरडी भुकटी असेल तर मेलेली.

चौथी, फक्त नवती फुटायच्या दिवसांत. कोवळ्या पात्या कुरतडलेल्या, बोडक्या आणि पिवळ्या दिसत असतील, आसपास मुंग्यांची ये-जा असेल आणि लहानशी निळसर फुलपाखरं घिरट्या घालत असतील, तर त्या अळ्या आहेत. सायकसवर वाढणारं हे निळं फुलपाखरू कोवळ्या नवतीवरच अंडी घालतं आणि आठवडाभरात वर्षाची कमाई फस्त होते. पोंगा, म्हणजे मधला कोंब, उघडताना रोज सकाळी त्यात डोकावा, अळ्या हाताने वेचा. पान कडक झालं की धोका संपला.

ओल, पाणी आणि जमिनीत काय पुरलंय

यानंतर बोट मातीत घाला, दोन पेरं खोल. सायकसला वाफसा आवडतो, चिखल नाही. आपली काळी माती वरून भेगाळलेली दिसते आणि खाली चार दिवस ओली असते. वरचं बघून रोज नळी लावली की मुळं गुदमरतात आणि जुनी-नवी सगळी पानं एकदम मरगळतात. इथेच खोडही दाबून बघा. ते दगडासारखं घट्ट असायला हवं. दबलं, किंवा बुडाशी आंबूस वास आला, तर पुढच्या तपासण्या सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

मातीच्या वर गाठाळ, फाटे फुटलेली बुटकी मुळं दिसली तर घाबरू नका. त्यांच्यात हवेतलं नत्र धरणारे सूक्ष्मजीव राहतात. ती उपटून काढणारे माळी आहेत, त्यांना आवरा.

मग पाणी. अलीकडे घरोघरी आरओ आलंय आणि त्याचं वाया जाणारं पाणी "झाडांना घालू" म्हणून कुंड्यांत जातं. बोअरचं पाणी आधीच जड, त्यातले क्षार आणखी गोळा होऊन त्या नळीतून बाहेर पडतात. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर, पानांची टोकं करपलेली, ही त्याची खूण. हे पाणी बंद करा. कुंडी असेल तर पावसाळ्यात ती उघड्यावर ठेवून पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन जाऊ द्या, खालचं भोक मोकळं आहे ना तेवढं बघा.

आणि जमिनीत झाड असेल तर आठवा, किंवा घराच्या जुन्या माणसाला विचारा: इथे बांधकामाचं काय झालं होतं? फाटकाजवळची जागा म्हणजे मिस्तरीने सिमेंट कालवलेली जागा. रंगाआधीचा चुना तिथेच, फरशीचे तुकडे तिथेच. ही तपासणी लोक करत नाहीत, आणि मी पाहिलेल्या चुरगळलेल्या नवतीच्या बऱ्याच तक्रारी इथेच येऊन थांबल्यात.

खरी टंचाई: मँगेनीज

खानदेशातली काळी जमीन बहुतेक ठिकाणी चुनखडीची. खणताना पांढरे खडे निघतात ते चुन्याचेच. सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर. अशा जमिनीत मँगेनीज नसतं असं नाही, ते असतं, पण मुळांना उचलता येईल अशा रूपात राहत नाही. सामू एकाने वाढला की विरघळलेलं मँगेनीज साधारण शंभरपटीने घटतं. त्यात सिमेंट आणि चुन्याचा राडारोडा मिसळला की उरलंसुरलंही अडकतं. सायकसला त्याची कमतरता लगेच जाणवते, आणि ती दिसते नव्या नवतीवर: पिवळी, आखूड, चुरगळलेली, मग करपलेली.

लोहाची टंचाईसुद्धा नवतीवरच आणि अशाच जमिनीत दिसते, पण तिथे पानाचा आकार बिघडत नाही, फक्त रंग जातो. गोंधळ होत असेल तर स्वस्तातली एक चाचणी आहे. एका फिकट झावळीला लाल दोरा बांधा आणि तिच्यावर मँगेनीज सल्फेट, लिटरला २ ग्रॅम, फवारा. दुसरीला पांढरा दोरा, तिच्यावर फेरस सल्फेट, लिटरला ३ ग्रॅम, त्यात थोडं लिंबू पिळून. फवारताना बाकीच्या झावळ्या झाकून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत कोणत्या झावळीवर हिरवेपणाची छटा येते ते बघा. करपलेल्या भागाकडून अपेक्षा ठेवू नका, फिकट पण जिवंत भागाकडे लक्ष द्या. आणि फेरस फवारताना खाली फरशी असेल तर ती झाका, गंजाचे डाग जन्मभर निघत नाहीत.

आता दुकानातली अडचण. कृषी सेवा केंद्रात मँगेनीज सल्फेट मागितलं की निम्म्या वेळा मॅग्नेशियम सल्फेट हातात पडतं, कारण केळीवाले रोज तेच नेतात. मॅग्नेशियमचे खडे पांढरे-पारदर्शक असतात, मँगेनीजची भुकटी किंचित गुलाबी. पिशवीवर मँगेनीज ३०.५ टक्के लिहिलेलं असेल ते घ्या. "सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण" म्हणून जे मिळतं त्यात राज्याच्या ग्रेडप्रमाणे मँगेनीज जेमतेम १ टक्का असतं. जस्त आणि लोह त्याहून जास्त. देखभालीला ते ठीक, पण नवती चुरगळलेली आली असेल तर एवढ्याशाने भागत नाही.

भुसावळकडच्या एका बंगल्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे हे सगळं एका जागी दिसेल. फाटकाच्या दोन बाजूंना एकाच दिवशी लावलेले दोन सायकस, खोड दीड फुटाच्या आसपास. डावा हिरवागार, उजव्याची नवती लागोपाठ पिवळी आणि वाकडी. घरमालक तात्यांनी उजव्याला आधी मॅग्नेशियम सल्फेट घातलं, मग १९:१९:१९ खत फवारलं, मग शेणखत. दरवेळी पिवळ्या झावळ्या कापल्या. फरक शून्य. पाणी दोघांना एकाच नळीचं, ऊन दोघांना सारखं, पानांखाली कीड नाही, खोड घट्ट. म्हणजे फरक मातीत. उजव्या बाजूला खोडापासून दोन फुटांवर खुरप्याने खणलं तर वीतभर खाली राखाडी ढेकळं लागली. त्यावर व्हिनेगर टाकलं तसं फसफसलं. डावीकडच्या मातीवर टाकलं तेव्हा थोडे बुडबुडे आले, एवढंच. (आपल्या काळ्या मातीत थोडं फसफसणं नेहमीचंच, म्हणून चांगल्या झाडाजवळची माती शेजारी ठेवून ताडून बघायची.) कंपाउंडची भिंत बांधताना मिस्तरीने सिमेंट तिथेच कालवलं होतं, ते तात्यांच्या घरच्यांना आठवलं.

१९:१९:१९ का चाललं नाही, तर त्यात मँगेनीज नसतंच. स्फुरद मात्र भरपूर, आणि ते जास्त झालं की सूक्ष्म अन्नद्रव्यांना आणखी अडवतं. शेणखत वाईट नाही, पण सिमेंटच्या ढेकळावर दोन घमेली शेणखताचं काय चालणार?

उपाय असा केला. झाड मुळातून हलवलं नाही. सायकस हलवला की एखादं वर्ष नवतीच देत नाही. खोडापासून दोन फूट सोडून बाहेरच्या बाजूने दीड फूट खोल अर्धगोल चर खणला, ढेकळं वेचून बाहेर काढली, चर पोयटा, जाडी रेती आणि कुजलेल्या शेणखताने भरला. मग आळ्यात, खोडाला न लावता, सगळीकडे पसरून २०० ग्रॅम मँगेनीज सल्फेट टाकलं आणि मातीत मुरेल एवढं पाणी दिलं. हे मेअखेरीस केलं, नवती सुटायच्या आधी. जमिनीत टाकलेल्यातलं बरंचसं चुन्यामुळे पुन्हा अडकतं हे माहीत असल्यामुळे त्यावरच विसंबलो नाही. नवती उलगडल्यावर लिटरला २ ग्रॅम आणि फवारा पानाला चिकटून राहावा म्हणून थोडं स्टिकर, अशा महिन्याच्या अंतराने तीन फवारण्या, सूर्य कलल्यावर.

त्या पावसाळ्यातली नवती तरीही फिकटच निघाली, कारण पोंग्यात ती आधीच घडलेली होती. तात्या वैतागले. "भाऊ, पैसा वाया गया." पुढच्या वर्षीची नवती सरळ आणि हिरवी आली, दोन-तीन झावळ्यांच्या बुडाशी थोडा पिवळेपणा होता. त्याच्या पुढच्या वर्षी दोन्ही झाडं सारखी दिसली. जुन्या वाकड्या झावळ्या शेवटपर्यंत वाकड्याच राहिल्या, त्या वाळल्यावर कापल्या.

मात्रेचं सांगायचं तर १२ इंची कुंडीतल्या झाडाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, पाण्यात विरघळवून वर्षातून एकदा. जमिनीतल्या गुडघाभर झाडाला ५० ते १०० ग्रॅम. मोठ्या, जुन्या, चुनखडीत अडकलेल्या झाडांना याहून बरंच जास्त लागू शकतं, पण तिथे माती परीक्षण केल्याशिवाय मात्रा वाढवू नका. कुंडीत तर अजिबातच नाही, जास्त मँगेनीज मुळांना विषच.

"गंधक टाकून सामू उतरवू का?" हे हमखास विचारलं जातं. हिशेब करून बघा. एक किलो गंधक साधारण तीन किलो चुना मारतं. एक घनमीटर माती म्हणजे तेराशे किलोच्या आसपास. तिच्यात फक्त १ टक्का चुना धरला तरी १३ किलो, म्हणजे चार किलोच्या वर गंधक, आणि आपल्याकडे चुना १ टक्क्यावर थांबत नाही. जमिनीत हे जमणारं नाही. कुंडीत चांगली माती नव्याने भरणं सोपं आणि स्वस्त.

जुन्या झावळ्यांवर, दांड्याजवळ हिरवा पट्टा राखून पिवळेपणा आला असेल, तर तिथे मात्र मॅग्नेशियम सल्फेटच लागतं. फवारणीला लिटरला १० ग्रॅम, दोन-तीन वेळा. तिथेही पिवळं पडलेलं पान पूर्ण हिरवं होईल असं नाही, पण पिवळेपणा वर सरकायचा थांबतो, तीच सुधारणा.

किती वाट बघायची

लोक इथेच चुकतात, कारण त्यांना केळीचा हिशेब माहीत असतो: बाग लावली, वर्ष-सव्वा वर्षात घड. सायकस वर्षातून एकदाच नवती देतो, आपल्याकडे बहुधा उन्हाळा उतरताना किंवा पहिल्या पावसाच्या आसपास. मोठं, चांगलं पोसलेलं झाड कधी दोनदा देतं. एखाद्या वर्षी मधोमध शंकू आला तर त्या वर्षी नवती चुकते, तो आजार नाही. खोडाची उंची वर्षाला एक-दोन सेंटिमीटर, फार तर इंचभर. कंबरेएवढं खोड असलेलं झाड नर्सरीत महाग असतं ते उगाच नाही, त्यात कोणाची तरी चाळीस-पन्नास वर्षं गेलेली असतात.

म्हणून आज खत घातलं आणि पंधरा दिवसांत रंग आला का, हा प्रश्न सायकसला लागू होत नाही. निकाल पुढच्या नवतीवर, आणि खात्री त्याच्या पुढच्या. दरम्यान दुसरं खत, तिसरं टॉनिक, चौथ्याने सांगितलेलं मीठ असं काही टाकू नका. एकावर एक टाकत गेलात तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि मुळांशी क्षार साठतात ते वेगळं. मी काय करतो, तर नवती पूर्ण उघडली की मोबाइलवर त्याच जागेवरून फोटो काढून ठेवतो. वर्षाने दोन फोटो शेजारी ठेवले की वाद उरत नाही. डोळ्यांना "तसंच आहे" वाटत असतं, फोटोत पात्यांची लांबी स्पष्ट दिसते.

नवती कोवळी असताना झाडाला हात लावू नका, कुंडी फिरवू नका, बदलू नका. त्या चार-सहा आठवड्यांत पान जसं कडक झालं तसं ते पुढची काही वर्षं राहणार.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोन नवती बघितल्या आणि तरीही पानं वाकडीच येतायत, तर अंदाज बास. मुळांच्या आसपासची एक फूट खोलवरची माती अर्धा किलो, सावलीत वाळवून, माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. जळगाव जिल्ह्यात पालचं कृषी विज्ञान केंद्र आहे, धुळे-नंदुरबारलाही कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. साध्या तपासणीत सगळंच बघतील असं नाही, म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि मुक्त चुना हे सगळं हवं असं सांगून द्या. अहवालात मँगेनीज २ पीपीएमच्या खाली किंवा लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता पक्की. दोन्ही भरपूर असूनही पान वाकडं येत असेल तर दोष मुळांत असू शकतो.

खोड दाबलं जातंय, बुडाशी वास येतोय, किंवा पोंगा हलक्या हाताने ओढल्यावर सुटून येतोय, तर त्याच दिवशी पाणी बंद करा आणि झाडांच्या रोगांचा जाणकार बोलवा. खत घालू नका, कुजलेल्या मुळांना खत म्हणजे आणखी भाजणं. कूज वरच्या डोक्यात पोचली असेल तर मोठं खोड वाचत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण बुडाशी कडक, निरोगी पिल्लं असतील तर ती धारदार सुरीने अलग करून, पानं काढून, जखम सात-आठ दिवस सावलीत वाळू देऊन कोरड्या रेतीत लावता येतात. मूळ धरायला महिने लागतात.

खवले कीड खोडाच्या खाचांत आणि मुळांपर्यंत गेली असेल तर घरच्या तेलाने ती आटोक्यात येत नाही, आणि शेजारच्या बंगल्यातला सायकसही त्याच वेळी फवारावा लागतो. मोठं झाड हलवायचं असेल तरी स्वतः करू नका. तीन फूट खोडाचा सायकस मुळांच्या गोळ्यासकट चार माणसांना आवरत नाही, आणि देठाचे काटे डोळ्यांच्या उंचीवर असतात. हलवायचंच ठरलं तर हिवाळ्याच्या शेवटी, नवती सुटायच्या बरंच आधी करून घ्या.